दर भरण्याआधी विचारायचे प्रश्न

निविदापूर्व शंकापत्र म्हणजे सरकारी बांधकामाची निविदा भरू पाहणाऱ्या कंत्राटदाराने, दर देण्याआधी, निविदेच्या कागदांत आढळलेल्या विसंगतींबद्दल खात्याकडे लेखी केलेली विचारणा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात मोठ्या कामांसाठी प्री-बिड मीटिंग ठेवली जाते. तिच्या आधी ठरलेल्या तारखेपर्यंत असे प्रश्न मागवले जातात आणि सर्वांच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून पोर्टलवर टाकली जातात. या उत्तरपत्राला खात्याच्या भाषेत ‘कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन’, म्हणजे बोलीभाषेत सीएसडी, म्हणतात. सीएसडी हा निविदेचाच भाग ठरतो आणि पुढे करारनाम्याला जोडला जातो. म्हणून शंकापत्रात काय विचारले आणि कसे विचारले यावर पुढच्या दीड-दोन वर्षांतले पुष्कळ काही अवलंबून असते.

प्रश्न पात्रतेच्या अटींबद्दलही विचारले जातात, बयाणा रकमेबद्दलही विचारले जातात. पण सर्वांत मोलाचे प्रश्न वेगळेच असतात: निविदेच्या अटी एक सांगतात, नकाशे दुसरे दाखवतात आणि परिमाणांचा तक्ता तिसरेच मोजतो, तेव्हाचे. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

विसंगती येते कुठून

ती बहुधा कोणाच्या लबाडीतून येत नाही. ती कामाच्या क्रमातून येते. एखाद्या इमारतीला प्रशासकीय मान्यता मिळवायची तर आधी ढोबळ अंदाजपत्रक लागते. ते वास्तुशास्त्रज्ञाच्या प्राथमिक नकाशावर बेतलेले असते. त्यानंतर तांत्रिक मान्यतेसाठी सविस्तर अंदाजपत्रक होते. त्यातली काँक्रीटची आणि लोखंडाची परिमाणे पुष्कळदा अनुभवाच्या प्रमाणावरून धरलेली असतात, कारण खांब-तुळयांचे संकल्पन तेव्हा पूर्ण झालेले नसते. ते संकल्पन नंतर खात्याच्या संकल्पचित्र मंडळाकडून किंवा बाहेरच्या सल्लागाराकडून येते. आणि निविदेच्या अटी? त्या विभागीय कार्यालयात आधीच्या एखाद्या निविदेच्या फाइलवरून तयार होतात. कामाचे नाव, रक्कम, मुदत बदलली जाते. पण मधल्या एखाद्या पानावर जुन्या कामाची मुदत तशीच राहून जाते.

तीन कागद, तीन हात, तीन वेगळ्या तारखा. ते एकमेकांशी ताडून पाहणारा पहिला माणूस पुष्कळदा निविदा भरणारा कंत्राटदारच असतो, कारण त्यालाच त्या तिन्हींवर मिळून एक आकडा द्यायचा असतो.

कोणता कागद वरचढ

दोन कागदांत विरोध आला तर कोणता खरा धरायचा, याचे एकच सार्वत्रिक उत्तर असते तर शंकापत्राची फारशी गरज उरली नसती. तसे ते नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अटींत क्रम स्पष्ट लिहिलेला आहे: आधी परिमाणांच्या तक्त्यातले बाबीचे वर्णन, मग विशेष विनिर्देश व विशेष अटी, मग नकाशे, त्यानंतर विभागाचे सर्वसाधारण विनिर्देश आणि शेवटी भारतीय मानके. म्हणजे तक्ता नकाशाच्या वर. आंतरराष्ट्रीय कामांत वापरल्या जाणाऱ्या फिडिक संस्थेच्या १९९९ सालच्या लाल पुस्तकात मात्र कराराच्या अटी आणि विनिर्देश वर आहेत, त्याखाली नकाशे, आणि परिमाणांसह सर्व तक्ते नकाशांच्याही खाली. एकच विरोध, एकाच प्रकारचे काम, आणि दोन करारांत दोन उलट निकाल.

महाराष्ट्रात बहुतेक कामे बी-१ नमुन्यावर निघतात. कामाला आणि विभागाला अनुसरून त्याला जोडलेल्या विशेष अटी बदलतात. कुठे ‘जे अधिक कडक असेल ते लागू’ असे लिहिलेले असते, कुठे ‘अभियंत्याचा निर्णय अंतिम’. पहिल्या वाक्याने जादा खर्च कंत्राटदाराकडे ढकलला जातो. दुसऱ्याने निर्णय पुढे ढकलला जातो, आणि तोही अशा वेळी, जेव्हा दर बदलता येत नाही.

निविदा उघडल्यानंतर न्यायालयात जाऊन अर्थ लावून घेण्याची आशा धरणेही फारसे शहाणपणाचे नाही. नागपूर मेट्रोच्या एका कामातील पात्रतेच्या अटीवरून अ‍ॅफकॉन्स कंपनी आणि नागपूर मेट्रो रेल महामंडळ यांच्यात वाद झाला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये असे म्हटले की, निविदेचे कागद ज्याने लिहिले त्यालाच आपल्या गरजा आणि त्या कागदांचा अर्थ सर्वांत चांगला कळतो. त्याने लावलेला अर्थ दुष्ट हेतूचा किंवा सर्वस्वी विपरीत नसेल तर न्यायालयाने त्यात हात घालू नये. अर्थ आपल्याला हवा तसा लागेल, या भरवशावर गप्प राहणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवे. ज्याचा अर्थ मान्य होणार आहे, त्यालाच अर्थ आधी विचारून घेणे हा सरळ मार्ग.

बी-१ म्हणजे काय

पुढचे उदाहरण समजण्यासाठी बी-१ ची रचना माहीत हवी. हा टक्केवारीचा नमुना आहे. खाते ‘शेड्यूल बी’मध्ये प्रत्येक बाबीचे वर्णन, परिमाण आणि दर स्वतःच देते. कंत्राटदार फक्त एक आकडा देतो: एकूण रकमेपेक्षा इतके टक्के जास्त, इतके कमी, किंवा तेवढीच. एखाद्या बाबीचा दर कमी वाटला म्हणून तेवढाच वाढवता येत नाही. बी-२ नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर कंत्राटदार भरतो, आणि सी नमुन्यात संपूर्ण कामाची एकरकमी किंमत देतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सी नमुन्यात परिमाण चुकले तर तोटा सरळ कंत्राटदाराचा, म्हणून तिथे परिमाणांचे प्रश्न सर्वांत आधी. बी-१ मध्ये प्रत्यक्ष झालेले काम मोजून पैसे मिळतात, त्यामुळे नुसते परिमाण कमी-जास्त असणे तितके घातक नसते. तिथे खरी हानी करतात त्या दोन गोष्टी: बाबीचे वर्णन आणि नकाशा यांतला विरोध, आणि नकाशात असलेली पण शेड्यूल बीमध्ये नसलेली बाब. अनेक नवे कंत्राटदार नेमके उलटे करतात. परिमाणांच्या बारीक फरकांवर वीस प्रश्न लिहितात आणि वर्णनातला एक शब्द निसटून जातो.

एक काम, चार विसंगती

समजा, कोकण किनाऱ्याजवळच्या एका गावात शासकीय वसतिगृहाची दुमजली इमारत बांधायची आहे. निविदा बी-१ नमुन्यात आहे आणि अंदाजपत्रकी रक्कम ६ कोटी रुपये. हे काम आणि त्यातले आकडे समजावून देण्यासाठी कल्पिलेले आहेत, पण विसंगतींचे प्रकार नेहमी भेटणारे आहेत.

पहिली विसंगती काँक्रीटची. शेड्यूल बीमध्ये खांब, तुळया आणि स्लॅबसाठी एम-२५ प्रतीच्या काँक्रीटची बाब आहे, परिमाण ६२० घनमीटर. संकल्पन नकाशाच्या कोपऱ्यातल्या सर्वसाधारण टिपांमध्ये मात्र ‘सर्व काँक्रीट एम-३०, लोखंडावरचे आवरण ४५ मिलिमीटर’ असे लिहिले आहे. यातले बरोबर कोणते? ‘आयएस ४५६:२०००’ हे मानक किनारी वातावरणात उघड्या असलेल्या काँक्रीटला ‘तीव्र’ वर्गात घालते. त्या वर्गासाठी सलोह काँक्रीटची किमान प्रत एम-३०, एका घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाण्याचे सिमेंटशी प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि आवरण ४५ मिलिमीटर असे आकडे दिलेले आहेत. एम-२५ ही त्याच्या खालच्या, ‘मध्यम’ वर्गाची किमान प्रत. म्हणजे नकाशा मानकाला धरून आहे, आणि शेड्यूल बी बहुधा घाटावरच्या एखाद्या जुन्या अंदाजपत्रकातून आलेले आहे.

पैशात याचा अर्थ काय? एम-२५ आणि एम-३० च्या दरात घनमीटरला समजा ३५० रुपयांचा फरक धरला, तर ६२० घनमीटरवर २ लाख १७ हजार रुपये होतात. नकाशाप्रमाणे बांधून शेड्यूल बीप्रमाणे बिल निघाले तर हे पैसे कंत्राटदाराच्या खिशातून जातात. उलट शेड्यूल बीप्रमाणे बांधले तर पैसे वाचतात, पण खारी हवा आत शिरून लोखंड लवकर गंजते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. ते वसतिगृहात राहणाऱ्या मुलांच्या डोक्यावर असते. या प्रश्नाला पैशापलीकडची बाजू आहे आणि ती शंकापत्रात स्पष्ट लिहायला संकोच वाटू नये.

दुसरी विसंगती पायाची. नकाशात ४२ पाये आहेत. प्रत्येकाच्या तळाच्या काँक्रीट थराचा आकार २.१ गुणिले २.१ मीटर आणि खोली जमिनीपासून २ मीटर. गुणाकार केला तर खोदाई सुमारे ३७० घनमीटर येते. शेड्यूल बीमध्ये ती २७८ घनमीटर आहे. दीड मीटर खोली धरून हिशेब केला की बरोबर २७८ येतात, म्हणजे अंदाजपत्रक करणाऱ्याने खोली दीड मीटर धरली होती. चूक कुठे झाली हे असे उलट गणिताने सापडले, की प्रश्न ठामपणे मांडता येतो.

बी-१ च्या कलम ३८ प्रमाणे एखाद्या बाबीचे परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढले तर निविदेच्याच दराने काम करायचे असते. त्यापुढच्या भागाला चालू दरसूचीवरून दर काढून त्यावर निविदेची टक्केवारी लावली जाते. इथे २७८ चे सव्वापट म्हणजे ३४७.५, त्यापुढे उरतात जेमतेम साडेबावीस घनमीटर. नुसत्या मातीच्या खोदाईसाठी ही रक्कम किरकोळ आहे आणि तेवढ्यासाठी हा प्रश्न लिहिण्याचे कारण नाही. पण शेड्यूल बीमधील बाबीचे वर्णन ‘माती, मऊ व कठीण मुरूम’ इतकेच आहे. निविदेसोबत जोडलेल्या चाचणी खड्ड्याच्या नोंदीत मात्र १.६ मीटरखाली कठीण खडक दाखवला आहे. म्हणजे शेवटचे ४० सेंटिमीटर खडकात जाणार, आणि खडक फोडण्याची बाबच शेड्यूल बीमध्ये नाही. इमारत वस्तीलगत असल्याने सुरुंग लावता येणार नाही. ब्रेकर लावून फोडावा लागेल, आणि त्याचा दर मातीच्या दराच्या कितीतरी पट असतो. खरा प्रश्न हा आहे. परिमाणातला फरक त्याच्याकडे नेणारी केवळ खूण.

तिसरी विसंगती पाण्याच्या टाकीची. जागेच्या आराखड्यात इमारतीमागे ५० हजार लिटरची भूमिगत टाकी काढलेली आहे. शेड्यूल बीमध्ये तिची एकही बाब नाही: ना खोदाई, ना जलरोधक काँक्रीट, ना झाकण. विशेष अटींच्या एका पानावर वाक्य आहे, ‘नकाशात दाखवलेले आणि काम पूर्ण होण्यास आवश्यक असलेले सर्व काम निविदेच्या दरांत समाविष्ट धरले जाईल.’ एकरकमी सी निविदेत हे वाक्य समजण्यासारखे आहे. टक्केवारीच्या निविदेत ते कुठे बसते? टाकीची बाबच नाही, तर तिची किंमत कोणत्या दरात समाविष्ट व्हायची? ती घालायला एकच जागा उरते, सगळ्या कामावरची टक्केवारी. टाकीला समजा ९ लाख रुपये लागणार असतील, तर ६ कोटींवर तो दीड टक्का होतो. सावध कंत्राटदार दीड टक्का वाढवेल, दुसरा वाढवणार नाही. स्पर्धेच्या निविदांत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातले अंतर कधी कधी याहूनही कमी असते. म्हणजे काम कोणाला मिळेल हे, कोण किफायतीत बांधतो यापेक्षा, एका वाक्याचा अर्थ कोणी कसा लावला यावर ठरेल. खात्यालाही हे परवडणारे नाही.

चौथी विसंगती मुदतीची. निविदा सूचनेत ‘पावसाळ्यासह १८ महिने’, तर कामाच्या टप्प्यांच्या तक्त्यात शंभर टक्के काम १२ महिन्यांत पूर्ण करायचे दाखवले आहे. टप्पे चुकले की दंडाचे कलम लागते. शिवाय याच निविदेत भाववाढ मिळण्याची अट १२ महिन्यांहून अधिक मुदतीच्या कामांनाच लागू आहे. म्हणजे मुदत १८ धरली तर सिमेंट-लोखंड महागल्यास भरपाई आहे, आणि १२ धरली तर ती नाही. कोकणातल्या पावसाचे चार महिने मध्ये येतात, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न कसा लिहावा

शंकापत्राला येणारे सर्वांत वारंवार उत्तर आहे, ‘निविदेतील अटीनुसार’. ज्याने सीएसडी वाचले आहेत त्याला ही ओळ पाठ असते. अटीतच विरोध आहे म्हणून प्रश्न विचारला, आणि उत्तर आले अटीनुसार! पण यात दोष पुष्कळदा प्रश्नाचाही असतो. ‘काँक्रीटची प्रत स्पष्ट करावी’ असे लिहिले की उत्तर देणारा अभियंता शेड्यूल बी उघडतो, तिथे एम-२५ दिसते, आणि तो लिहितो, अटीनुसार. त्याच्या दृष्टीने त्याने उत्तर दिले.

चांगल्या प्रश्नात चार गोष्टी असतात. दोन्ही ठिकाणांचा पत्ता: खंड, पान, बाबीचा किंवा कलमाचा क्रमांक, नकाशाचा क्रमांक. दोन्ही ठिकाणचे शब्द जसेच्या तसे. या विरोधाने दरावर, मुदतीवर किंवा टिकाऊपणावर होणारा परिणाम, एका वाक्यात. आणि शेवटी अशी मागणी, जिचे उत्तर ‘हे’ किंवा ‘ते’ एवढेच असू शकते. काँक्रीटचा प्रश्न मग असा होईल:

‘शेड्यूल बी, बाब क्र. ७, पान ८४: सलोह काँक्रीट एम-२५, ६२० घनमीटर. संकल्पन नकाशा क्र. ३, सर्वसाधारण टीप ४: सर्व काँक्रीट एम-३०, आवरण ४५ मिमी. आयएस ४५६:२००० नुसार किनारी वातावरणासाठी किमान प्रत एम-३० आहे. काम एम-३० मध्ये करायचे असल्यास शेड्यूल बीमधील बाब क्र. ७ चे वर्णन व दर त्यानुसार सुधारून शुद्धिपत्रक काढावे. काम एम-२५ मध्ये करायचे असल्यास नकाशावरील टीप ४ रद्द केल्याचे लेखी नमूद करावे.’

याला ‘अटीनुसार’ असे उत्तर देणे अवघड जाते. दोन्ही वाटा लिहिलेल्या आहेत, आणि दुसरी वाट निवडणाऱ्याला मानकाविरुद्ध सही करावी लागते. इथे अरेरावी कुठेच नाही. अभियंत्याला वरिष्ठांकडे जाण्यासाठी हातात कागद दिला जातो, कारण शेड्यूल बीमधला दर कार्यकारी अभियंता आपल्या मर्जीने बदलू शकत नाही. अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता झालेली असते, निविदेचा मसुदा वरच्या कार्यालयाने मंजूर केलेला असतो. रक्कम बदलली की पुन्हा वर जावे लागते. ‘अटीनुसार’ या उत्तरामागे अनेकदा ही अडचण असते. प्रश्न नेमका असेल तर त्याच प्रश्नाची प्रत जोडून तो प्रस्ताव वर पाठवता येतो.

टाकीचा प्रश्नही असाच दोन वाटांचा: टाकी या कामात असल्यास तिच्या बाबी शेड्यूल बीमध्ये घ्याव्यात, नसल्यास तसे नमूद करावे, आणि पुढे सांगितल्यास तिचे पैसे बी-१ मधील जादा बाबींच्या तरतुदीने दिले जातील हे मान्य करावे. खोदाईच्या प्रश्नात पायाच्या परिमाणांचा दोन ओळींचा हिशेब आणि चाचणी खड्ड्याच्या नोंदीचे पान एकत्र द्यावे. मुदतीच्या प्रश्नात एक गोष्ट जरूर जोडावी: भाववाढीचे कलम लागू आहे की नाही, हेही त्याच उत्तरात मागावे. नाहीतर ‘मुदत १८ महिने’ एवढेच उत्तर येते आणि कलमाचा वाद तसाच उरतो.

काय लिहू नये, हेही थोडे. आपला दर, आपली बांधकामाची पद्धत किंवा एखाद्या पुरवठादाराशी झालेले बोलणे शंकापत्रातून उघड होऊ देऊ नये, कारण उत्तरे सर्व स्पर्धकांना दिसतात. पात्रतेची अट शिथिल करण्याची विनंती याच यादीत मिसळू नये. तिच्यामुळे विसंगतीचे प्रश्नही सवलत मागणारे वाटू लागतात. आणि मोजून जे आपल्याला कळू शकते ते खात्याला विचारू नये. प्रश्न दहा असले तरी चालतात, पण पैशाने आणि जोखमीने मोठे ते वर असावेत. बैठकीत वेळ संपतो तेव्हा खालचे प्रश्नच राहतात.

उत्तर आल्यानंतर

शंकापत्र मुदतीत पोहोचल्याचा पुरावा ठेवावा लागतो. ईमेल केला असेल तर त्याची प्रत, कागद दिला असेल तर आवक क्रमांकाची पोच. बैठकीत तोंडी मिळालेले उत्तर कितीही समाधानकारक असले तरी सीएसडीमध्ये छापून येईपर्यंत ते उत्तर नव्हे. ‘साहेब तेव्हा म्हणाले होते’ या आधारावर पुढे कोणतेही बिल निघत नाही, आणि साहेबांची बदलीही झालेली असते.

सीएसडी आल्यावर आणखी एक काम उरते आणि तेच सर्वाधिक विसरले जाते. पोर्टलवर दर भरण्यासाठी बीओक्यूची वेगळी एक्सेल फाइल असते. बी-१ मध्ये तिच्यात कंत्राटदार फक्त टक्केवारी भरतो. बाकी काहीही बदलण्याची त्याला मुभा नसते आणि फाइलशी छेडछाड झाली तर निविदा बाद होते. सीएसडीमध्ये ‘काँक्रीट एम-३० वाचावे’ असे छापून आले, पण ही फाइल बदलली गेली नाही, तर जुनी विसंगती मिटण्याऐवजी एक नवीन जन्माला येते: आता सीएसडी एक सांगतो आणि बीओक्यू दुसरे. म्हणून सीएसडी आणि सुधारित फाइल यांचा मेळ घालून पाहावा. जमला नाही तर त्याच दिवशी पुन्हा लिहावे. बदल मोठा असेल तर निविदा भरण्याची मुदत वाढवण्याची मागणी करणेही रास्त असते.

काही प्रश्नांना उत्तर येतच नाही. काहींना ‘अटीनुसार’ येते आणि तिथे थांबावे लागते. त्या वेळी निविदेसोबत पत्र जोडून ‘आमचा दर एम-२५ गृहीत धरून आहे’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण ती सशर्त निविदा ठरते आणि सशर्त निविदा नाकारली जाते. उरतात दोनच मार्ग: वाईट अर्थ धरून टक्केवारी ठरवायची, किंवा त्या कामापासून दूर राहायचे. तरीही विचारलेला प्रश्न वाया जात नाही. काम मिळाले आणि पुढे एम-३० घालण्याचा आदेश आला, तर ‘हा विरोध दर भरण्याआधी लेखी निदर्शनास आणला होता’ असे सांगणारा कागद जादा दराच्या मागणीसोबत जोडता येतो. तो मागणी मान्य होईलच याची हमी देत नाही. पण ‘कंत्राटदाराने नकाशे पाहूनच दर दिला होता, आता तक्रार करू नये’ हा नेहमीचा आक्षेप त्याने दुबळा होतो.

काही कंत्राटदार विसंगती दिसूनही मुद्दाम विचारत नाहीत. कमी दराने काम घ्यायचे आणि पुढे त्याच फटीतून जादा बाबी काढायच्या, असा तो हिशेब असतो. बी-१ मध्ये हा डाव अनेकदा फसतो, कारण अभियंत्याचा निर्णय अंतिम ठरवणारी अट आणि ‘समाविष्ट धरले जाईल’ हे वाक्य दोन्ही त्यांच्याविरुद्ध असतात. फसला नाही तरी त्याची किंमत अर्ध्यावर थांबलेल्या इमारतीच्या रूपाने गाव मोजते. ही रीत चुकीची आहे, आणि धंद्यातली हुशारी म्हणून तिचे समर्थन होऊ नये.

काम मिळाल्यावर करारनाम्यावर सही करण्याआधी त्यात सीएसडीची प्रत पानक्रमांकासह बांधलेली आहे का, ते पाहावे. नसेल तर ती जोडून घेतल्याशिवाय सही करू नये.